तिरप्या फोटोतली तेरावी ओळ

स्पर्धा परीक्षेचा रविवार असला की दुपारनंतर शिकवणाऱ्यांच्या मोबाईलवर फोटोंचा पाऊस सुरू होतो. कुणी एसटी स्टँडच्या बाकावर बसून काढलेला असतो, कुणी मांडीवर पुस्तिका धरून, कुणी मित्राच्या खांद्याआडून. खाली एकच ओळ: "सर, किती होतील बघा ना." उत्तरं बोर्ड किंवा आयोग यथावकाश जाहीर करतोच, पण तोवर थांबायला कुणाला धीर असतो? त्यामुळे संध्याकाळी दोन कामं मागे लागतात. एक म्हणजे फोटोतली प्रश्नपुस्तिका सोडवून कच्ची उत्तरतालिका तयार करायची. दुसरं म्हणजे उत्तरपत्रिकेच्या प्रतीवर मुलाने कोणते गोल काळे केले आहेत ते वाचून त्या तालिकेशी ताडायचं.

प्रश्न सोडवणं त्यातल्या त्यात सोपं. तापी पश्चिमेकडे वाहते हे ज्याला येतं त्याला येतं. घोळ होतो तो त्यानंतर. बरोबर उत्तर चुकीच्या क्रमांकासमोर बसतं, किंवा बरोबर क्रमांकाचा शेजारचाच गोल वाचला जातो. आणि याला कारण बहुतेक वेळा एकच असतं, तिरपा फोटो.

तिरपा म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकात घालतो. पहिली म्हणजे कागद नुसताच फिरलेला असतो, भिंतीवरची तसबीर वाकडी लटकावी तसा. सगळ्या ओळी एकाच उतारावर जातात, पण त्यांच्यातलं अंतर सारखंच राहतं. याला फिरलेला फोटो म्हणू. दुसरी म्हणजे मोबाईल कागदाच्या बरोबर वर नसतो, एका बाजूने धरलेला असतो. मग जवळची कड मोठी दिसते आणि दूरची लहान, चौकोनाचा डबा न राहता सुपासारखा आकार होतो. याला कललेला फोटो म्हणू. फिरलेला फोटो त्रास देतो, पण फसवत नाही. कललेला फसवतो.

आधी फिरलेल्याकडे बघू. समजा उत्तरपत्रिकेवर गोलांच्या दोन ओळींत ६ मिलिमीटर अंतर आहे आणि गोलांचे चार रकाने मिळून १८० मिलिमीटर रुंदी व्यापतात. फोटो फक्त ५ अंशांनी फिरलेला आहे, म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकाच. तरीही डाव्या कडेवरून निघालेली आडवी नजर उजव्या कडेला पोचेपर्यंत जवळपास १६ मिलिमीटर सरकलेली असते, म्हणजे अडीच ओळींहून जास्त. डावीकडे पहिल्या रकान्यात प्रश्न ७ दिसतोय, त्याच ओळीत उजवीकडे ८२ असायला हवा, असं धरून जो पुढे जातो तो ८४ किंवा ८५ च्या गोलावर जाऊन बसतो. पण तीच नजर जर फक्त आपल्याच रकान्यात राहिली, म्हणजे छापलेल्या क्रमांकापासून त्याच्या चौथ्या गोलापर्यंत ३० मिलिमीटरच गेली, तर सरकणं अडीच मिलिमीटरच्या आसपास राहतं. अर्ध्या ओळीपेक्षा कमी. म्हणून पहिला नियम असा की पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कधी वाचायचं नाही. प्रत्येक गोल त्याच्या अगदी जवळच्या छापील क्रमांकावरूनच वाचायचा. आणि फोटो गॅलरीत थोडा फिरवून सरळ करता येतो, तो आधी करून घ्यायचा. एवढ्यावर हे दुखणं संपतं.

कललेला फोटो मात्र फिरवून सरळ होत नाही. एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ, कारण इथे अंदाज किती दगा देतो हे आकड्यांशिवाय पटत नाही.

उत्तरपत्रिकेवर २५ प्रश्नांचा एक चौकट आखलेला रकाना आहे. सगळ्या ओळी कागदावर सारख्या उंचीच्या. मुलाने मांडीवर कागद ठेवून खालच्या बाजूने फोटो काढला आहे. फोटोत चौकटीची वरची कड १२०० ठिपके रुंद आहे, खालची २००० ठिपके, आणि वरपासून खालपर्यंतचं अंतर २००० ठिपके. (मोबाईलचा फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळीच, त्याला पिक्सेल म्हणतात.) आता फोटोवर डाग पडला आहे, क्रमांक नीट दिसत नाहीत, आणि वरपासून ७५० ठिपक्यांवर एक गोल काळा केलेला आहे. हा कितव्या प्रश्नाचा?

सरळ हिशेब करणारा म्हणेल की २००० ठिपक्यांत २५ ओळी, म्हणजे ओळीला ८० ठिपके, म्हणून ७५० ठिपके म्हणजे दहावी ओळ. हे उत्तर तीन ओळींनी चुकतं. ती तेरावी ओळ आहे, चौकटीची बरोबर मधली.

कसं ते कागदावरही करून बघता येईल. कोणत्याही आयताचे दोन्ही कर्ण जिथे एकमेकांना छेदतात तो त्याचा मध्य. आयत कॅमेऱ्यात कितीही कलला तरी सरळ रेषा सरळच राहते आणि कर्ण कर्णच राहतो, म्हणून छेदबिंदू हाही खऱ्या कागदाच्या मध्याचाच फोटो असतो. आपल्या आकृतीत कर्ण काढले तर ते वरच्या कडेपासून ७५० ठिपक्यांवर मिळतात. वरची कड आणि खालची कड यांचं प्रमाण १२०० ला २००० म्हणजे ३ ला ५, आणि २००० ठिपक्यांचे त्याच प्रमाणात दोन भाग केले तर ७५० आणि १२५० येतात. अर्धा कागद वरच्या ७५० ठिपक्यांत कोंबला आहे आणि दुसरा अर्धा खाली १२५० ठिपक्यांत मोकळा पसरला आहे. हाच हिशेब ओळीओळीला लावला तर सगळ्यात वरची ओळ जेमतेम ४९ ठिपके उंच निघते आणि सगळ्यात खालची १३०. पावणेतीन पट फरक, आणि तोही अशा फोटोत जो बघून कुणी "वाकडा आहे" अशी तक्रारही करणार नाही.

कर्णाची ही युक्ती गॅलरीतल्या रेघा मारायच्या सोयीवर एका मिनिटात होते. मध्य सापडला की त्यातून वरच्या-खालच्या कडेला जुळती आडवी रेघ मारायची, वरच्या अर्ध्या भागाचे पुन्हा कर्ण काढायचे, की पाव उंचीची जागा मिळते. आपल्या फोटोत ती ३३३ ठिपक्यांवर येते आणि तिथे सातवी ओळ असते, जिथे सरळ हिशेब पाचवी सांगेल. एवढे टप्पे मिळाले की मधल्या ओळी नजरेने मोजता येतात.

इथे एक प्रश्न शहाणी मुलं विचारतातच. तीन कोपरे दिसत असतील तर चालणार नाही का, चौथा अंदाजाने काढू. नाही चालत. तीन बिंदूंवरून फिरणं, सरकणं, एका बाजूला दाबलं जाणं हे सगळं ओळखता येतं, पण जवळचं मोठं आणि दूरचं लहान हे त्यांत मावत नाही. तीन कोपऱ्यांवरून चौथा काढायला गेलात तर समांतरभुज चौकोन मिळेल, सुपाचा आकार मिळणार नाही. कललेला सपाट कागद परत सरळ करायला आठ आकडे लागतात आणि प्रत्येक कोपरा दोनच देतो, एक आडवा आणि एक उभा. म्हणून चार. गोल तपासणारी मोबाईलची ॲप कागदाच्या चारही कोपऱ्यांवरचे काळे चौकोन दिसल्याशिवाय पुढे का सरकत नाहीत, त्याचं कारण एवढंच आहे. आणि चारही खुणा हुबेहूब सारख्या असल्या तर कागद उलटा धरलाय हे यंत्राला कळायला मार्ग नसतो. मग त्यांतली एखादी वेगळी छापतात किंवा बाजूला आणखी एक खूण देतात.

मोठ्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांवर याहून सोपी सोय असते. कडेने काळ्या छोट्या पट्ट्यांची एक रांग छापलेली असते. मुलं तिला नक्षी समजतात. ते टायमिंग मार्क. प्रत्येक ओळीची एक पट्टी. यंत्र ओळी मोजत बसत नाही, पट्टी दिसली की ओळ आली असं धरतं. फोटो पाठवताना मुलं नेमकी हीच कड कापून टाकतात, "उगाच रिकामी जागा" म्हणून. आमच्याकडच्या मुलांना मी एवढंच सांगतो की गोल थोडा पुसट आला तरी चालेल, पण कड आली पाहिजे.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. कागद सपाट असेल तरच चार कोपरे पुरतात. घडी घालून खिशात ठेवलेली प्रत घडीवर उंच राहते, आणि पुस्तिकेचं पान शिवणीकडे वाकतं. हे ओळखायला कडेच्या पट्ट्यांवर किंवा चौकटीच्या उभ्या रेघेवर मोबाईलच्या पडद्यावरच फूटपट्टी ठेवून पाहावी. रेघ पट्टीशी जुळली तर कागद सपाट. मधे पोट निघालं तर वाकलेला. मग सगळं पान एका फटक्यात सरळ करायचा हट्ट सोडायचा आणि प्रत्येक रकाना किंवा घडीच्या वरचा-खालचा भाग वेगळा धरून त्याचे चार कोपरे घ्यायचे.

ओळ सापडली, आता गोल. काही उत्तरपत्रिकांवर पर्यायाचं अक्षर किंवा आकडा गोलाच्या आतच छापलेला असतो. गोल काळा केला की तो आकडा झाकला जातो. म्हणजे जे उत्तर वाचायचं तेच दिसत नाही. अशा वेळी उरलेले तीन वाचायचे. १, ३, ४ दिसत असतील तर झाकलेला २. डावीकडून दुसरा, असं नुसतं जागेवरून वाचायला गेलं तर कललेल्या फोटोत शेजारच्या रकान्याचा चौथा गोल आपल्या रकान्याचा पहिला वाटू शकतो, विशेषतः दूरच्या कडेला जिथे रकाने एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. उरलेले तीन वाचणाऱ्याला ही चूक होत नाही, कारण मग १, २, ३ असे तीन आणि त्यांच्या आधी आणखी एक अशी विचित्र मांडणी समोर येते आणि हात थांबतो.

सावलीचं दुखणं निराळं. मोबाईल आणि हाताची सावली पानाच्या अर्ध्या भागावर पडलेली असते. सावलीतला रिकामा गोल उजेडातल्या भरलेल्या गोलाइतका करडा दिसू शकतो, आणि परीक्षेनंतर घरी मिळणारी प्रत मुळातच फिकट असते. म्हणून एखादा गोल "काळा आहे का" असं विचारायचं नाही. "आपल्या ओळीतल्या उरलेल्या तिघांपेक्षा काळा आहे का" असं विचारायचं. ते तिघेही त्याच सावलीत उभे असतात, म्हणून तुलना न्याय्य होते. दोन गोल काळे दिसले तर लगेच "बाद" म्हणू नये. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असायचे आणि तिथे दोन गोल रंगवणंच अपेक्षित असायचं. परीक्षा कोणती, हे आधी विचारावं.

जाता जाता एक सांगतो. १९३८ मध्ये आयबीएमने जे ८०५ क्रमांकाचं गुणमोजणी यंत्र आणलं, त्याला दिसत काहीच नव्हतं. पेन्सिलीच्या खुणेतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते का, एवढंच ते तपासायचं. म्हणून पेन्सिलच हवी असे. उजेड पाडून खूण ओळखणारी यंत्रं नंतरची, आणि बॉलपेनने गोल भरायची मुभा त्यांच्यामुळे आली. विजेवरच्या यंत्राला सावलीचा त्रास नव्हता, एवढं मात्र खरं.

आता प्रश्नपुस्तिकेकडे वळू. तिथे गोल नसतात, पण तिरपेपणा तिथेही क्रमांक आणि पर्याय यांची फारकत करतो, आणि जास्त धूर्तपणे. पुस्तिकेचं पान दोन रकान्यांत छापलेलं असतं आणि पर्याय बहुधा दोन-दोनच्या जोडीने, म्हणजे वर (१) (२), खाली (३) (४). समजा डाव्या रकान्यात प्रश्न ४१ असा आहे: खालीलपैकी कोणती नदी पश्चिमवाहिनी आहे? (१) गोदावरी (२) कृष्णा, खालच्या ओळीत (३) तापी (४) भीमा. फोटो फिरलेला असला की ४१ ची खालची ओळ उजव्या रकान्यातल्या ४७ च्या वरच्या ओळीला जाऊन मिळते. घाईत वाचणारा "तापी, भीमा, १९६०, १९६२" अशी चार नावं एका ओळीत वाचतो आणि क्षणभर गोंधळतो. ही चूक लगेच पकडली जाते, कारण अर्थ लागत नाही. पण दोन्ही प्रश्न नद्यांचे असतील, किंवा दोन्हींचे पर्याय नुसते आकडे असतील, तर अर्थ लागतो आणि चूक तशीच पुढे जाते. गणिताच्या पानावर म्हणून दुप्पट सावध राहावं लागतं. तिथे माझा साधा रिवाज असा आहे की उजवा रकाना कागदाच्या कपट्याने पडद्यावर झाकूनच टाकायचा.

याहून वाईट जागा म्हणजे रकान्याचा तळ. प्रश्न ४६ ची वाक्यं डाव्या रकान्यात अगदी खाली संपतात आणि त्याचे चार पर्याय उजव्या रकान्याच्या माथ्यावर जातात. त्यांच्या लगेच खाली ४७ सुरू होतो. मुलाने फोटो काढताना पानाचा वरचा भाग किंचित कापला असेल तर (१) (२) ची ओळ गायब होते आणि (३) (४) एवढीच निराधार ओळ ४७ च्या डोक्यावर उरते. ती ४७ ची नाही. क्रमांकाच्या वर दिसणारे पर्याय नेहमी मागच्या प्रश्नाचे असतात. हे वाक्य सोपं वाटतं, पण फोटोत ४६ चा प्रश्न डावीकडे तळाला सावलीत असतो, ४७ मात्र उजेडात ठळक असतो, आणि नजर उजेडाकडेच जाते.

आयोगाच्या पेपरांत आणखी एक गाठ असते. प्रश्नात अ, ब, क अशी विधानं दिलेली असतात आणि खाली पर्याय असतात: (१) फक्त अ, (२) फक्त अ आणि ब, (३) फक्त ब, (४) वरील सर्व. सोडवणारा मनात म्हणतो, "ब बरोबर आहे", आणि कागदावर "ब" लिहून मोकळा होतो. तासाभराने तालिका जुळवताना दुसरा कुणी तो "ब" दुसरा पर्याय म्हणून वाचतो. बरोबर उत्तर होतं ३, लागलं २. म्हणून तालिकेत विधानाचं अक्षर कधीच लिहायचं नाही, पर्यायाचा छापील आकडाच लिहायचा. फोटोत तो आकडा अंधुक असेल तर जागेवरून ओळखावा लागतो, पण मग आधी त्याच पानावरचा एखादा स्वच्छ प्रश्न बघून घ्यावा की पर्याय आडवे चालतात की उभे. काही छपाईंत (१) च्या खाली (२) येतो आणि शेजारी (३). अशा पानावर तापी ४१ चा दुसरा पर्याय होईल.

अंधुक आकड्यांचं म्हणाल तर प्रश्न क्रमांक हा सगळ्यात भरवशाचा, कारण तो एकटा नसतो. इंग्रजी ३ आणि ८ पुसट फोटोत एकच दिसतात, देवनागरी १ आणि ९ सुद्धा. पण ३७ आणि ३९ च्या मधे जे काही आहे ते ३८ च असणार. पर्यायाच्या आकड्याला असा शेजारचा साक्षीदार चौघांपुरताच असतो, आणि उत्तरातल्या आकड्याला तर नसतोच. १९६१ की १९६७, हे फोटोवरून कळलं नाही तर नाही कळलं.

आता दोन्ही कामं एकत्र येतात, ताडून बघण्याच्या वेळी. हे काम दोघांनी केलेलं बरं. एकजण उत्तरपत्रिका वाचतो, दुसरा लिहितो. वाचणाऱ्याने नुसते "दोन, चार, एक" असे आकडे म्हणायचे नाहीत. प्रत्येक वेळी प्रश्न क्रमांक म्हणायचा आणि कोरी ओळ आली तर "कोरा" असं मोठ्याने म्हणायचं. आपल्याकडे सदतीस आणि सत्तावीस, त्रेसष्ट आणि त्रेचाळीस घाईत एकमेकांत मिसळतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी संख्यावाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात मी पडत नाही, पण ओएमआर वाचताना मी "तीन-सात, पर्याय एक" असंच म्हणतो.

"कोरा" न म्हटल्याने काय होतं ते बघा. मुलाने खरोखर रंगवलेले गोल असे आहेत: ३१ ला ३, ३२ ला १, ३३ ला ४, ३४ कोरा, ३५ ला २, ३६ ला २, ३७ ला १, ३८ ला ४, ३९ ला ३. तालिकेत ३१ ते ३८ ची उत्तरं अनुक्रमे ३, १, २, ४, २, ३, १, ४. ओळीओळीने पाहिलं तर ३१, ३२, ३५, ३७ आणि ३८ बरोबर, ३३ आणि ३६ चूक, ३४ सोडलेला. प्रश्नाला एक गुण आणि चुकीला पाव गुण वजा धरला तर साडेचार गुण.

आता तेच गोल माळेसारखे वाचले आणि कोरी ओळ निसटली. ३४ समोर २ बसला, ३५ समोर २, ३६ समोर १, ३७ समोर ४, ३८ समोर ३. आता बरोबर किती? ३१, ३२ आणि ३५. पाच चूक. पावणेदोन गुण. आठच प्रश्नांत पावणेतीन गुण गेले, आणि ही घसरण रकाना संपेपर्यंत तशीच चालू राहते. वर ३५ बरोबर आला तो केवळ योगायोगाने, कारण ३५ आणि ३६ दोन्हींना मुलाने २ च रंगवला होता. असे एकटदुकट योगायोग मधेमधे येत राहतात म्हणूनच घसरण लवकर लक्षात येत नाही. सगळंच चुकलं असतं तर कुणीही सावध झालं असतं.

लक्षात यायला एक खूण आहे. चार पर्यायांत डोळे मिटून उत्तरं दिली तरी चारांत एक जुळतोच, म्हणजे २५ प्रश्नांच्या रकान्यात सरासरी सहा. म्हणून गुण सगळ्या पेपरचे एकदम न काढता रकान्याप्रमाणे काढावेत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात अठरा-एकोणीस जुळत असताना तिसऱ्यात सातच जुळले, तर मुलगा तिसऱ्या रकान्यापुरता अडाणी झाला असं मानायचं कारण नाही. त्या रकान्यातली वाचलेली उत्तरं एक ओळ वर आणि एक ओळ खाली सरकवून पुन्हा ताडून पाहावीत. कुठल्यातरी एका सरकवण्यात जुळणी एकदम सतरा-अठरावर गेली तर घसरण पकडली गेली. घसरण मधूनच सुरू झाली असेल तर जुळणी कुठून बिघडली ती ओळ शोधायची. तिथे बहुधा कोरा गोल, घडी किंवा बोटाची सावली सापडते.

मग एक नाजूक प्रश्न उरतो. घसरण वाचणाऱ्याची की मुलाची? कारण परीक्षेत ३४ सोडून द्यायचा आणि ३५ चं उत्तर ३४ समोर रंगवून बसायचं, हेही रोजचंच आहे. तो फरक पुस्तिकेवरून कळतो. मुलं सोडवताना पुस्तिकेत बरोबर वाटलेल्या पर्यायावर टिक करतात. पुस्तिकेतल्या ३५ च्या टिकेचं उत्तर उत्तरपत्रिकेवर ३५ समोरच असेल तर दोष फोटो वाचणाऱ्याचा, आणि गुण परत मिळतात. ते ३४ समोर असेल तर मुलानेच गोल चुकवले आहेत आणि यंत्रही तसंच वाचणार. चारही रकान्यांत सहा-सातच जुळत असतील तर मात्र घसरण शोधत बसू नये. तिथे बहुधा संच चुकलेला असतो. बी संचाची उत्तरपत्रिका ए संचाच्या तालिकेशी ताडली जात असते. ज्या परीक्षेत संच असतात तिथे प्रश्नांचा क्रम वेगळा असतो. संचाचं अक्षर पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असतं आणि उत्तरपत्रिकेवर मुलाने स्वतः भरलेलं असतं. दोन्हींचे फोटो मागवून घ्यावेत.

एवढं करूनही काही गोल उरतातच. अर्धवट भरलेले, दोन गोलांच्या मधे पेन लागलेला, किंवा दूरच्या कडेला ४९ ठिपक्यांच्या ओळीत इतके बारीक झालेले की दुसरा की तिसरा हे ठरत नाही. तिथे अंदाजाने एक निवडून आकडा पूर्ण करायचा मोह होतो. त्यापेक्षा प्रश्नचिन्ह करून ठेवावं आणि मुलाला गुण एका आकड्यात न सांगता दोन आकड्यांत सांगावेत. समजा शंभरापैकी पक्के जुळलेले धरून ६२ गुण होतात आणि तीन गोल संशयाचे आहेत. तिन्ही बरोबर निघाले तर ६५, तिन्ही चूक निघाले तर पाऊण गुण कमी, सव्वाएकसष्ट. "सव्वाएकसष्ट ते पासष्ट" असं कळवलं की मुलगा थोडा हिरमुसतो, त्याला एकच आकडा हवा असतो. मग त्याला तेवढ्या तीन ओळींचा नवा फोटो मागायचा. कागद फरशीवर सपाट, खिडकीच्या उजेडात, मोबाईल बरोबर वरून, थोडा उंच धरून झूम केलेला, कारण उंचावरून काढलेल्या फोटोत जवळच्या आणि दूरच्या कडेतला फरक आपोआप कमी होतो. फोटोत तीन ओळींच्या वरचा आणि खालचा एकेक क्रमांकही आला पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.